कोड कोणाच्या फोनवर येतो?

प्रश्न

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टीवायला आहे. आमच्या निसर्ग मंडळाचं इन्स्टाग्राम पेज मीच सांभाळते. कासवांची पिल्लं समुद्रात सोडायच्या तारखा, कातळशिल्पांच्या सहली, सगळं त्यावरच जाहीर होतं. पेजचा आणि त्याच्या जीमेलचा पासवर्ड मला माहीत आहे, पण ते जीमेल माझ्या आधीच्या दादानं उघडलेलं आणि ओटीपी अजून त्याच्याच नंबरवर जातो. तो आता मस्कतला असतो. एप्रिलअखेर माझी परीक्षा संपेल, मेमध्ये मी पुण्याला जाणार. पेज एसवायच्या एका मुलीला द्यायचंय. आमच्याच कॉलेजच्या नाट्य मंडळाचं पेज असंच देता देता हातचं गेलं, म्हणून धास्ती वाटते. नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं करू?

उत्तर

पासवर्ड तूर्त बाजूला ठेव. पेज देणं म्हणजे पासवर्ड देणं असं सगळे धरून चालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणालाही 'विसरलो' म्हणून बदलता येतो, फक्त बदलायची लिंक ज्या ईमेलवर येते ते ईमेल त्याच्या हातात हवं. त्या ईमेलचा पासवर्डही तसाच बदलता येतो, फक्त कोड ज्या नंबरवर येतो तो फोन हातात हवा. म्हणजे आज तुमच्या पेजची मालकी ना तुझ्याकडे ना मंडळाकडे, ती मस्कतमधल्या एका सिमकार्डाकडे आहे.

दादा भला मुलगा असेल, त्याच्या हेतूबद्दल मी बोलतच नाही. मी सिमबद्दल बोलतेय. आखातात गेलेला माणूस तिथला नंबर घेतो आणि इथलं सिम पाकिटात पडून राहतं. आपल्याकडे प्रीपेड नंबर सलग 90 दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर त्यानंतर किमान 90 दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग तुमच्या पेजचे कोड कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडतील आणि त्याला ते कसले हेही कळणार नाही.

म्हणून हे सगळं खालून वर द्यायचं. आधी नंबर, मग जीमेल, इन्स्टाग्राम शेवटी. बहुतेक मंडळांत नेमकं उलटं होतं. निरोप समारंभाच्या दिवशी पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो, आणि 'आता माझं काम संपलं' म्हणून जुनी सेक्रेटरी त्याच संध्याकाळी आपल्या फोनवरून लॉगआउट करते. नवी मुलगी सुट्टीत गावी पोचते आणि तिथून पहिल्यांदा लॉगिन करते. नवा फोन, नवं ठिकाण. इन्स्टाग्रामला संशय येतो, ते ईमेलवर कोड पाठवतं. ती जीमेल उघडायला जाते तर गूगललाही तोच संशय, त्याचा कोड जातो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता लागत नाही. पासवर्ड दोन्हीकडचा बरोबर, तरी आत कुणीच नाही. जुन्या सेक्रेटरीच्या फोनवर पेज उघडं होतं, तोच शेवटचा दरवाजा होता आणि तो तिनं आपल्या हातानं लावून घेतला. नाट्य मंडळाचं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस, पण बरीचशी पेजं अशीच जातात.

तेव्हा पहिला नियम तुझ्यासाठी: मी सांगेपर्यंत तुझ्या फोनवरून लॉगआउट करायचं नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. मेमध्ये करू म्हणू नकोस. मेमध्ये ती मुलगी कुठल्या तरी वाडीवर असेल, तू सामान बांधत असशील आणि सरांचा फोन लागणार नाही. परीक्षेचं वेळापत्रक लागायच्या आत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात कर. घाई का, त्याला एक तांत्रिक कारण आहे. गूगल खात्यावरचा रिकव्हरी नंबर बदलला, तरी पुढचे 7 दिवस गूगल जुन्या नंबरवरही कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. खातं चोरीला गेलं तर खऱ्या मालकाला परत मिळावं म्हणून ही सोय आहे. आपल्यासाठी तिचा अर्थ इतकाच, की नंबर बदलल्यावर हस्तांतर पुरतं व्हायला आठवडा जाऊ द्यावा लागतो, आणि त्या आठवड्यात तू रत्नागिरीत असायला हवीस.

आता दादा. त्याला आधी मेसेज टाकून वेळ ठरव. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. शुक्रवारी आपल्या अकराच्या सुमाराला तो चहा पीत असेल, तेव्हा त्याला गाठ. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: इथलं सिम चालू आहे का, आणि त्यावर मस्कतला एसएमएस येतात का. रोमिंग चालू नसेल तर येणार नाहीत. हे आधी विचार, नाहीतर तुम्ही इकडे कोड मागवत बसाल आणि पाच-सहा वेळा मागवल्यावर गूगल काही काळ कोड देणंच थांबवेल. त्याच्या सध्याच्या फोनवर मंडळाचं जीमेल अजून उघडं असेल तर फारच बरं. मग एसएमएसची गरजही पडत नाही, त्याच्या स्क्रीनवरच 'हे तुम्हीच का?' असा प्रश्न येतो आणि त्यानं होकार दिला की झालं.

कोड सांगणं व्हिडिओ कॉलवरच करा. 'मी अमक्या मंडळाची, जरा ओटीपी सांग' असा फोन आला तर दादानं तो ठेवून द्यावा, हीच अपेक्षा आहे. तुझा चेहरा दिसला की त्यालाही धीर येईल.

हे काम बसून करायचं ठिकाणही निवडून घे. तुझ्या ज्या फोनवर किंवा कॉलेजच्या ज्या संगणकावर मंडळाचं जीमेल नेहमी उघडलं जातं तोच वापर, आणि वायफायही नेहमीचंच. गूगल ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा पाहतं. अनोळखी ठिकाणाहून गेलं तर बरोबर पासवर्ड घालूनही खात्री पटली नाही म्हणून दार बंद करतं. नवी मुलगी आणि मंडळाचे सर, दोघं त्या वेळी शेजारी हवेत.

जीमेल उघडलं की `myaccount.google.com` वर जा आणि Security विभागात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघ. फोनच्या जागी नव्या मुलीचा नंबर घाल आणि रिकव्हरी ईमेलच्या जागी सरांचं. इथे मंडळात वाद होतात, म्हणून माझं मत सांगून टाकते. 'मंडळाचं वेगळं सिम घेऊ' ही कल्पना ऐकायला छान आहे, पण ते सिम कुणाच्या तरी आधारवरच निघतं, रिचार्ज कुणी करायचा यावर तिसऱ्या महिन्यात तंटा होतो आणि शेवटी ते त्याच 90 दिवसांच्या नियमात सापडतं. सरांचा नंबर घालावा तर सर तासिका तत्त्वावर असले की पुढच्या वर्षी तेही दुसऱ्या कॉलेजात. कायम नेमणुकीचे सर किंवा मॅडम असतील तर त्यांचं रिकव्हरी ईमेल उत्तम, पण ते त्यांचं रोजचं, स्वतःचं ईमेल असू दे. कॉलेजनं दिलेला आयडी नको. तो कधी बंद होईल ते कॉलेजच्या कार्यालयाच्या हातात.

तुझ्या कॉलेज आयडीलाही हेच लागू आहे, हे आत्ताच तपास. सहलीचे गूगल फॉर्म, फोटोंचे फोल्डर त्या आयडीवर असतील तर तू पास झाल्यावर ते आयडीसकट जातील. संस्थेच्या खात्यावरच्या फाइलची मालकी बाहेरच्या साध्या जीमेलला देता येत नाही. मंडळाच्या जीमेलला ती फाइल शेअर कर आणि त्या जीमेलमधून तिची प्रत काढ. फॉर्मचा दुवा मात्र नवा होईल, तो पेजवर बदलायला विसरू नकोस.

परत जीमेलकडे. आता तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप लाव. त्या अ‍ॅपमध्ये 6 आकडी कोड दर 30 सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या आतच तयार होतो, त्याला ना एसएमएस लागतो ना इंटरनेट. ज्या मुलीच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो, तिला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि यातली खरी सोय फार थोड्यांना ठाऊक असते: अ‍ॅप जोडताना स्क्रीनवर जो क्यूआर कोड दिसतो, तो दोन फोनवरून स्कॅन करता येतो. आधी नव्या मुलीच्या फोनवर, मग स्क्रीन तशीच ठेवून सरांच्या फोनवर. दोन्ही फोन तोच कोड दाखवतील. पुढे एकाचा फोन समुद्रात पडला तरी दुसरा आहे. क्यूआरची स्क्रीन एकदा बंद झाली की तोच क्यूआर परत दिसत नाही, म्हणून सर आल्याशिवाय हे पाऊल सुरूच करू नकोस. कोड 'चुकीचा' येत राहिला तर घाबरू नका. बहुतेक वेळा फोनचं घड्याळ मागेपुढे असतं. वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू केलं की चालतो.

त्याच पानावर बॅकअप कोड मिळतात. गूगल एका वेळी 10 कोड देतं, प्रत्येक 8 आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना रद्द. ते कागदावर उतरवून घ्या. स्क्रीनशॉट काढून त्याच जीमेलच्या ड्राइव्हमध्ये ठेवणारी हुशार मुलं दरवर्षी असतात. जीमेलच उघडत नसेल तेव्हा ते कोड बघणार कसे, हा प्रश्न त्यांना नंतर पडतो.

एवढं झालं की जीमेलचा पासवर्ड नवी मुलगी बदलेल, तू नाही. तिनं टाईप करावा, तुला तो माहीतही नसावा. मग जोडलेल्या यंत्रांची यादी काढून दादाचा जुना फोन, संगणक कक्षातला पीसी असं जे सापडेल ते काढून टाका. जाता जाता जीमेलच्या सेटिंगमधलं Forwarding एकदा बघा. कुणा जुन्या सेक्रेटरीनं सगळी पत्रं आपल्या ईमेलवर वळवून ठेवलेली असतील तर पासवर्ड बदलल्यानं ते थांबत नाही.

इन्स्टाग्रामला लगेच हात लावू नका. दोन-चार दिवस जाऊ देत. ईमेल, नंबर, पासवर्ड, फोन असं सगळं एका दुपारी बदललं, की बाहेरून ते हुबेहूब चोरीसारखं दिसतं आणि पेजवर तात्पुरती बंदी येऊ शकते.

मग पुन्हा दोघी बसा, आणि आधीचे बदल तुझ्या फोनवरून कर, कारण तो ओळखीचा आहे. प्रोफाइलच्या मेनूतून Accounts Centre, तिथे Personal details, त्यात Contact info. तिथे मंडळाचं जीमेल आहे ना ते डोळ्यांनी बघ. तुला वाटतं आहे, पण बघ. तुझं स्वतःचं ईमेल किंवा दादाचा नंबर तिथे सापडला तर आधी नव्या मुलीचा नंबर जोड, त्यावरचा कोड घालून पक्का कर, आणि मगच जुना काढ. आधी जोडणं, नंतर काढणं, हा क्रम कुठेच मोडायचा नाही.

याच Accounts Centre मध्ये एक गाठ बसलेली असायची दाट शक्यता आहे. तू तुझ्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून 'खातं जोडा' करून पेज चालवत असशील, तर तुझं खातं आणि मंडळाचं पेज एकाच Accounts Centre मध्ये बांधलेलं असू शकतं. तसं असेल आणि एका खात्यातून दुसऱ्यात जायची सोय चालू असेल, तर तुझ्या खात्यातून पेजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येतं. उद्या पुण्यात तुझं खातं कुणी पळवलं तर पेजही गेलं. ही गाठ सोडवायलाच हवी, पण सोडवण्याआधी पेजला स्वतःचं ईमेल आणि माहीत असलेला पासवर्ड आहे याची खात्री कर. वर्षानुवर्षं फोनमध्ये लॉगिन जतन केलेलं असतं, खरा पासवर्ड काय तो कुणालाच आठवत नाही, आणि पेज वेगळं केल्यावर ते एकदम उघडं पडतं. तेव्हा आधी पासवर्ड बदला, नव्या पासवर्डनं ती मुलगी आपल्या फोनवर आत जाऊ दे, आणि मग Accounts Centre च्या Accounts मधून तुझं खातं वेगळं कर. तिनंही पेज आपल्या खात्याशी तसं बांधू नये. अ‍ॅपमध्ये वेगळं लॉगिन करून दोन्ही खाती ठेवता येतात.

Password and security मध्ये जाऊन Two-factor authentication लावा. इथेही ऑथेंटिकेटर अ‍ॅप आणि तोच दोन फोनचा उपाय. एसएमएसवरचं संरक्षण चालू असेल तर तो नंबर कोणाचा आहे हे इथे पुन्हा बघावं लागतं, कारण संपर्काचा नंबर बदलला म्हणजे कोडचा नंबरही बदलला असं धरून चालता येत नाही. इन्स्टाग्रामचेही बॅकअप कोड असतात, तेही कागदावर घ्या.

एक बारीक पण वाईट खोड सांगते. या सगळ्या भानगडीत कधी जन्मतारीख विचारली तर मंडळाची स्थापना तारीख घालू नका. 'पेजचा वाढदिवस' म्हणून 2018 घातलं की गूगल आणि इन्स्टाग्राम दोघांच्या लेखी खातेदार 13 वर्षांच्या आतला ठरतो आणि खातं बंद होऊ शकतं. सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची खरी तारीख घाला. ती पेजवर दिसत नाही.

आता पाकीट. एका कागदावर जीमेलचा पत्ता, पेजचं नाव, दोन्हीकडचे बॅकअप कोड, रिकव्हरी ईमेल कोणाचं, ऑथेंटिकेटर कोणाकोणाच्या फोनवर, हे लिहा. पासवर्ड दुसऱ्या कागदावर, वेगळ्या पाकिटात. एक पाकीट सरांच्या कपाटात, दुसरं प्राचार्यांच्या कार्यालयात, तारीख आणि सह्या घालून. जेल पेननं लिहू नका आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, 8 चा 3 झाला तर कोडाला अर्थ उरत नाही.

आठवडा झाला की परीक्षा घ्या. ही तुझी नाही, पाकिटाची. नवी मुलगी आपल्या फोनवरून पेजमधून बाहेर पडेल, जतन केलेलं लॉगिनही काढून टाकेल आणि फक्त पाकिटातल्या कागदांच्या आधारावर परत आत येईल. तू शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. ती कुठे अडते ते तुला तिथल्या तिथे दिसेल: पासवर्डमधलं कॅपिटल अक्षर कागदावर नीट उठलेलं नसतं, किंवा सरांनी अ‍ॅप चुकून डिलीट केलेलं असतं. ते जमलं की तिनं लॉगिनच्या पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' दाबावं. पुढे काही करायचं नाही, फक्त कोड कुठे पाठवू म्हणून स्क्रीन जे पत्ते दाखवते ते वाचायचे. ते अर्धवट झाकलेले असतात, असे:

```
n*******1@gmail.com
+91 ***** ***42
```

पहिलं अक्षर आणि शेवटचे आकडे मंडळाच्या जीमेलशी आणि तिच्या नंबराशी जुळायला हवेत. त्यात दादाच्या किंवा तुझ्या नंबराचे शेवटचे आकडे दिसले, तर काहीतरी मागे राहिलं आहे. Contact info मध्ये परत जा. हीच चाचणी जीमेलवर करायची तर 7 दिवस उलटल्यावर कर, नाहीतर दादाचा नंबर तिथे दिसेल आणि उगीच जीव टांगणीला लागेल.

तू कधी बाहेर पडायचं? माझ्या मते गणपतीत. जूनमध्ये कॉलेज उघडेल, नवी मुलगी वृक्षारोपणाच्या, पावसाळी सहलीच्या पोस्ट टाकायला लागेल, काही अडलं तर तुझ्या फोनवर पेज अजून उघडं आहे. तोवर तू तिथून काही पोस्ट करायचं नाही आणि मेसेजना उत्तरंही द्यायची नाहीत, नाहीतर लोक दोघींना दोन गोष्टी विचारत राहतील. गणपतीला तू गावी येशीलच. तेव्हा तिनं पासवर्ड बदलावा, Where you're logged in मधून तुझा फोन काढावा आणि बॅकअप कोडांचा नवा संच काढून पाकिटं बदलावीत. तू स्वतः लॉगआउट करण्यापेक्षा तिनं तुला काढलेलं बरं. तेवढ्यानं कळतं, की सगळ्या किल्ल्या तिच्या हातात आहेत आणि त्या चालतात. काही मुलांना हे जिवावर येतं. 'असू दे ना माझ्याकडे, मी काय करणारे?' काही नाही करणार, पण चार बॅचचे चार उघडे फोन म्हणजे चार वाटा, आणि त्यातला एखादा फोन कधीतरी विकला जातोच.

फेसबुक पेजही असेल तर तिथला मामला निराळा आहे. त्या पेजला स्वतःचा पासवर्ड नसतोच, ते माणसांच्या खात्यांवर चालतं. पेजच्या सेटिंगमध्ये Page access मधून नव्या मुलीला आणि सरांना पूर्ण अधिकार द्यायचा, त्यांनी ते निमंत्रण स्वीकारायचं आणि मग तू निघायचं. नुसतं निमंत्रण पाठवून निघून गेलीस तर पेज बेवारस. 'निसर्ग मंडळ' अशा नावाचं खोटं माणसाचं प्रोफाइल काढून त्यातून पेज चालवत असाल तर ते आधी मोडा. फेसबुकवर प्रोफाइल खऱ्या माणसाचंच लागतं, आणि ते उडालं की पेजला कोणी वाली उरत नाही. जुन्या हायलाइटमध्ये सहलीच्या पैशांचा क्यूआर कोड असेल तर तोही काढा. मागच्या खजिनदाराच्या खात्यात पैसे जात राहिले की नंतर हिशेब लागत नाही.

दादानं फोन उचललाच नाही, किंवा त्याचं सिम बंद झालं असेल तर? मग जीमेलच्या मागे वेळ घालवू नकोस. तू इन्स्टाग्राममध्ये आत आहेस आणि पासवर्ड तुला माहीत आहे, हे पुष्कळ आहे. मंडळासाठी नवं जीमेल उघड, वर सांगितलेलं सगळं त्यावर लाव, आणि Contact info मध्ये आधी ते जोडून मग जुनं काढ. पक्कं करायचा कोड नव्या पत्त्यावर येतो. जुन्या पत्त्यावर फक्त 'ईमेल बदललं' अशी सूचना जाते, आणि त्यात हा बदल उलटवायची लिंक असते, म्हणून दादाला आधी कळवून ठेव. उद्या त्यानं ती सूचना बघितली तर चोरी समजून तो लिंक दाबायचा. जुन्या जीमेलच्या ड्राइव्हमधले फोटो आणि फॉर्म मात्र ते तुझ्या संगणकावर उघडं आहे तोवर आजच उतरवून घे. 2 वर्षं कुणीच न उघडलेलं खातं गूगल आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकतं.

आणि तुझ्याही फोनवरून पेज निसटलं, दादाही सापडला नाही, तर इन्स्टाग्रामकडे ओळख पटवायचा एक मार्ग आहे: चेहऱ्याचा व्हिडिओ देणं. तो पेजवरच्या फोटोंशी ताडून बघतात. ज्या पेजवर कासवं आणि कातळशिल्पंच आहेत तिथे तो बहुधा उपयोगी पडत नाही. म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा, आणि तोवर तुझा फोन फॉरमॅट करायचा नाही, बदलायचा नाही, भावाला द्यायचा नाही.